अर्धी हनुवटी

दोरामावशीच्या वरच्या पुढच्या दाताला एक बारीक खाच पडली आहे. अठ्ठावीस वर्षं दोऱ्याचं टोक त्याच एका दातात धरलं, त्यानं ती पाडली. दातांच्या डॉक्टरनं एकदा आरसा घालून बघितलं आणि विचारलं, "शिवणकाम करता का हो?" मावशी म्हणाली, "नाही, उसवायचं काम करते."

तिचं पार्लर म्हणजे घराची पुढची खोली. एक मोठा आरसा, एक नळ, दोऱ्याची रिळं ठेवलेला काचेचा डबा आणि मधोमध न्हाव्याची खुर्ची. एक केशकर्तनालय बंद पडलं तेव्हा ती उचलून आणलेली. मान टेकायची गादी वरखाली होते, पायाखाली लोखंडी पाटी आहे, आणि हात टेकायच्या जागी असंख्य पुरुषांच्या कोपरांनी रंग घालवलेला आहे. खुर्ची अशी अस्सल पुरुषांची, पण वस्तरा त्या खोलीत कधी आला नाही. "बाईच्या तोंडाला वस्तरा लावायचा नाही," हे मावशीचं पहिलं आणि शेवटचं कलम. "वस्तरा लागलेला केस सूड घेतो. एकाचे चार होतात, आणि चारही जाड." हे तिला कुणी शिकवलं ते तिलाही सांगता यायचं नाही. कानावर पडलं, खरं वाटलं, पुढं सांगत गेली.

काम मात्र ती स्वतःच्या अंगावर शिकली. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. पाठ गेली आणि तो अंथरुणाला लागला. तेव्हा मावशी एका पार्लरमध्ये जमिनीवर पडलेले केस झाडायच्या कामाला लागली. झाडता झाडता बघायची. दुपारी घरी येऊन साडी गुडघ्यापर्यंत वर घ्यायची आणि स्वतःच्या नडगीवर दोरा फिरवायची. महिनाभरात नडगी सोललेल्या भाजीसारखी झाली, पण हात बसला. दोऱ्याला मधे पीळ, एक टोक दातात, दोन बोटांत, आणि पीळ पुढंमागं सरकवायचा. केस पिळात अडकतो आणि मुळासकट येतो. कातडीला दोरा घासू द्यायचा नाही, नुसता टेकवायचा. घासला तर लाल होते, आणि ज्याची कातडी नाजूक त्याला दुसऱ्या दिवशी पुरळ. त्यामुळं गिऱ्हाइकाला स्वतःच्या बोटांनी कातडी ताणायला लावायची, ओठाखाली जीभ रेटायला सांगायची. "जीभ आतून ढकल. एरवी भांडणात वापरतेस तशी नको, हळू."

चेहऱ्याला मेण लावणं मात्र तिनं नऊ वर्षांपूर्वी बंद केलं. एक गिऱ्हाईक आली, वरच्या ओठावर गरम मेण लावून घेतलं, आणि पट्टी ओढली तशी पट्टीला केसांबरोबर कातडीचा पातळ पापुद्रा आला. कांद्याचा असतो तसा. खाली गुलाबी, ओलं. ती बाई ओरडलीही नाही, नुसती आरशात बघत राहिली. मावशी तिला म्हणाली, "तुमची कातडीच फार नाजूक हो." बाई मान हलवून गेली. तो डाग ओठावर वर्षभर होता. पुढं घरात सून आली. तिनं सौंदर्यशास्त्राचा कोर्स केलेला. एकदा सहज बोलता बोलता ती म्हणाली, "आई, मुरमांसाठी रात्री जे मलम लावतात ना, त्यानं वरची कातडी पातळ होते. त्या माणसाला मेण लावलं की कातडीच निघते. आधी विचारायचं असतं." मावशीला ती पट्टी आठवली. नाजूक त्या बाईची कातडी नव्हती, आपलं विचारणं होतं, हे तिला त्या दिवशी कळलं. पण त्या बाईला ते सांगायला ती गेली नाही. जायचं धाडस झालं नाही, असंच म्हणायला पाहिजे.

आता चष्मेवाली.

ती चौदा वर्षांची होती तेव्हा आईबरोबर आली. ऐन उकाड्यात ओढणी नाकापर्यंत. खुर्चीत बसल्यावर आईनं ओढणी काढली आणि स्वतःच तोंड फिरवलं. हनुवटीवर, जबड्याच्या कडेला, गळ्यापर्यंत काळे राठ केस.  मावशीनं पोरीच्या कपाळावर हात ठेवला, मान मागं केली आणि म्हणाली, "डोळे मीट. शाळेत कोण काय म्हणतं ते मनातल्या मनात म्हण. मी एकेकाला उपटते." पोरगी हसली, आणि हसता हसता रडली. जाताना आईनं विचारलं, "घरी रेझर फिरवला तर चालेल?" मावशीनं कलम वाचून दाखवलं. पोरीनं ते डोळे मोठे करून ऐकलं.

त्यानंतर बारा वर्षं दर आठ दिवसांनी. ती मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. माणसाच्या कानामागं काड्या बसवायच्या, नाकावर चौकट सरळ करायची. वीतभर अंतरावरून. ती म्हणायची, "मावशी, माझं नशीब बघा. लोकांना नवीन नंबर लागतो, आणि स्वच्छ दिसायला लागल्यावर पहिली दिसते ती माझी हनुवटी." मावशी म्हणायची, "मग जुनाच नंबर लाव की त्यांना."

पण गेल्या दोन-तीन वर्षांत विनोदानं भागेना. दर आठवड्याला दोरा. काही केस मुळाशी न येता मधेच तुटायचे आणि आतच वळून वाढायचे. तिथं पुटकुळी. पुटकुळी बसली की काळा ठिपका. आधीच सावळी आणि लगेच चिडणारी कातडी, ठिपका महिनोन् महिने जात नसे. हनुवटीभोवती अशी एक काळसर सावली धरली होती. मावशी नवा दोरा घ्यायची, हात धुवायची, नंतर बर्फाचा फडका ठेवायची, वासाची पावडर बंद केली. तरी सावली हटेना. "तुझे केस हट्टी आहेत," ती म्हणायची. चष्मेवालीनं त्यावर कधी वाद घातला नाही.

या वर्षी मात्र तिचं येणं जरा तिरपं झालं. एरवी रविवार. आता मधेच रविवार चुकवून पुढच्या बुधवारी यायची आणि म्हणायची, "एकदम गुळगुळीत करा, एक केस दिसता कामा नये." महिन्यातून एकदा तरी असं व्हायचं. सून भांडी पुसता पुसता डोळे मिचकावून म्हणायची, "आई, कुठंतरी पाणी मुरतंय. कुणी बघायला येत असेल." मावशीलाही तसंच वाटलं. बरं वाटलं.

आणखी एक गोष्ट तिच्या बोटांनी टिपली होती. वर्षाच्या सुरुवातीला, एका रविवारी, चष्मेवालीचे केस दोऱ्यात अलगद आले. ओढ नाही, टोचणं नाही. भिजवलेल्या मातीतून गवत यावं तसे. मावशी खूश झाली. म्हणाली, "आता थकले बघ तुझे केस. बारा वर्षांनी का होईना, हरले." पुढच्या महिन्यापासून ते पुन्हा पहिल्यासारखे झाले. मावशीनं ते मनावर घेतलं नाही.

अशाच एका बुधवारी चष्मेवाली आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. खुर्चीत बसली, मान टाकली. मावशीनं डावीकडून सुरुवात केली. जबड्याची कड, मग हनुवटीचा डावा अर्धा भाग. मधोमध पोचली तेव्हा पोरीच्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं.

मावशीनं दातातला दोरा काढला. "लागलं?"

"नाही."

"मग? मोडलं का कुठं?"

"काय मोडायचं?"

"स्थळ गं."

चष्मेवाली उठून बसली. "कसलं स्थळ? मावशी, मी लेझर करतेय. सहा महिने झाले. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

मावशीला वाईट वाटलंच. बारा वर्षांचं गिऱ्हाईक आणि चोरून. पण ती एवढंच म्हणाली, "मग रडतेस का? चांगलं आहे की."

"पाच वेळा झालं. काहीच फरक नाही. डॉक्टर म्हणाल्या, शुक्रवारी शेवटचं बघू. नाही जमलं तर तुमच्या केसांवर लेझर चालत नाही असं धरून थांबवू. उगाच कातडीला भाजून काय उपयोग, म्हणाल्या. म्हणजे संपलं. जन्मभर हेच." तिनं हनुवटीवरून हात फिरवला.

आतून सून बाहेर आली. हातात टॉवेलांची चळत. "थांब. पाचही वेळा काहीच नाही?"

"पहिल्या वेळी जरा झालं. दहा-बारा दिवसांनी केस गळायला लागले. नंतर काहीच नाही."

"पहिल्या वेळी केस कुणी काढले होते?"

"तिथंच. त्यांच्या नर्सनं रेझर फिरवला. आणि म्हणाली, अगंबाई, एवढे? शेजारी दुसरी पेशंट बसली होती." चष्मेवालीनं मान खाली घातली. "मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग पुढच्या वेळेपासून मी घरूनच साफ होऊन जायला लागले. दोन दिवस आधी, इथून. नर्सनं विचारलं, घरी रेझर केला ना? मी हो म्हणून सांगितलं."

सुनेनं टॉवेल खाली ठेवले. "अगं पण रेझरच का नाही केलास?"

चष्मेवालीनं मावशीकडं बघितलं. आरोप नव्हता त्या बघण्यात. उलट आज्ञाधारक मूल बघतं तसं. "वस्तऱ्यानं एकाचे चार होतात ना? मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."



सून सासूकडं न बघता हळू बोलली. "लेझरचा उजेड केसाच्या काळ्या रंगाला धरतो. तिथं उष्णता होते आणि ती केसावाटे खाली मुळाशी जाते. केस मुळात असला तरच. वर दिसला नाही तरी चालतो, म्हणून रेझर करायचा. पण दोऱ्यानं मूळच ओढून काढलं, तर उजेड जाऊन बसणार कशावर? रिकाम्या भोकावर. म्हणून लेझर चालू असताना दोरा नाही, मेण नाही, चिमटा नाही. चार-सहा आठवडे आधीपासून नाही."

"आणि एकाचे चार?" चष्मेवालीनं विचारलं.

सुनेनं सासूकडं बघितलं. उत्तर तिला ठाऊक होतं. ते तिनं द्यायचं नाही हेही ठाऊक होतं.

मावशीचा दोरा अजून बोटांत पिळलेला होता. तिच्या डोळ्यांपुढं तो रविवार आला, केस अलगद आलेला. हरले नव्हते ते. लेझरनं मारलेले होते, आणि शाबासकी आपण घेतली होती. नंतरच्या प्रत्येक बुधवारी या दोन बोटांनी औषधाची जागा पुसून टाकली होती. चकाचक. एक केस दिसता कामा नये. नाजूक कातडी, हट्टी केस, ही नावं तिनंच दुसऱ्यांना दिली होती. आताही एखादं देता आलं असतं. पोरीनं मान्यही केलं असतं.

"खोटं आहे ते," मावशी म्हणाली.  "होत नाहीत एकाचे चार. केस आडवा कापला जातो, टोक बोथट होतं, म्हणून हाताला राठ लागतो. सुनेनं मला चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. मी म्हटलं, कोर्सवाल्यांना काय कळतंय. सांगितलेलं मागं घ्यायची लाज वाटली. आणि खरं सांगू? वस्तरा घरोघरी पोचला तर या खुर्चीत कोण बसेल, तेही होतं पोटात."

 चष्मेवालीनं आरशात बघितलं. डावी बाजू साफ, उजवीकडं दहा दिवसांची काळी कुसं. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले. "पाच वेळा मी भाजून घ्यायला गेले, मावशी. दुसऱ्या वेळेपासून दुखेना, तर मला वाटलं सवय झाली."

"माझ्यावर ओरड."

"ओरडून काय होतंय?" आणि ती ओरडलीच. "बारा वर्षं माझी हनुवटी सोललीत, आणि म्हणता हट्टी केस! ठिपके तुमच्या दोऱ्यानं पडले, आणि केस हट्टी माझे!"

मावशीनं मान खाली घातली नाही. ऐकून घेतलं. मग दोरा रिळावरून तोडून कचऱ्यात टाकला. "उजवीकडं मी हात लावत नाही. शुक्रवारी तशीच चल. मी येते, आणि डॉक्टरांना मीच सांगते. तू कशाला आणखी एक खोटं निस्तरतेस?"

"मी अशी अर्धी दुकानात जाऊ?"

"मास्क लाव. सर्दी झाली म्हण. सर्दीचं खोटं कुणाला बाधत नाही."

शुक्रवारी दवाखान्यात मावशी चपला बाहेर काढून आत गेली, कुणी सांगितलं नसताना. पांढरी खोली, चाकांचं यंत्र, डोळ्यांवर घालायचे काळे चष्मे. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मावशीनं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. नर्स मधेच म्हणाली, "पण या रेझर केला म्हणून सांगायच्या." मावशी तिच्याकडं वळली. "तुम्ही पहिल्या दिवशी अगंबाई म्हणालात. दुसऱ्यांदा कुणाला अगंबाई म्हणवून घ्यायचं असतं?" नर्सनं मान फिरवली.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून हनुवटी बघितली. डावीकडं. उजवीकडं. "बसा मावशी. हे मी पहिल्या दिवशी स्वतः विचारायला हवं होतं. कागदावर खूण केली आणि पुढं गेले." मग चष्मेवालीकडं वळून, "आज फक्त उजवी बाजू करू. डावीकडं काही मिळणार नाही. तिथं दोन महिने दोरा नाही. आणि गालावरच्या बारीक लवेला मी लेझर लावणार नाही. कधीकधी ती उलट दाट होते. आणखी एक ऐका, तुमचे केस हार्मोनमुळं येतात. त्यासाठी दिलेल्या गोळ्या सोडायच्या नाहीत. लेझरनं ते कमी होतील, बारीक होतील, मधून मधून पुन्हा करावं लागेल. कायमचे गेले असं मी कधी म्हणणार नाही."

नर्सनं उजव्या बाजूला जेल लावून रेझर फिरवला. या वेळी एक शब्द नाही. मग थंड हवेची नळी, आणि यंत्राचा ठोका. पहिल्याच ठोक्याला चष्मेवालीचे खांदे उडाले. जळलेल्या केसाचा वास खोलीभर झाला. रबर ताणून सोडावा तसा चटका, असं ती नंतर म्हणाली. तेव्हा फक्त मावशीचं मनगट धरून होती, आणि नखं रुतवत होती. संपल्यावर उजवीकडं प्रत्येक केसाच्या जागी मोहरीएवढी लाल सूज. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही सूज यायलाच हवी. उद्यापर्यंत बसेल. ऊन टाळा, ऊन अडवणारं मलम रोज लावा, नाहीतर तुमच्या रंगाला डाग पडेल."

अकरा दिवसांनी चष्मेवाली पार्लरला आली. बोलणं तुटकच होतं. खुर्चीत बसली आणि मास्क काढला. उजवीकडं काळे ठिपके वर आलेले, बारीक मिरपूड सांडल्यासारखे. मावशीनं ओला फडका हलकेच फिरवला. फडक्यावर केस आले. टोकाला जळका काळा मणी. पुन्हा फिरवला, पुन्हा आले. दोऱ्याला हात न लावता. सुनेनं फडका उजेडाकडं धरला आणि दोघींनी बघितला.

डावीकडं मात्र पूर्ण वाढ. तेरा दिवसांची.

"डावीकडं दोरा फिरवा," चष्मेवाली म्हणाली. "एकदाच. उद्या दुकानात मालकाच्या घरचे येणार आहेत. मास्क घातला तर विचारतात."

"नाही."

"मावशी, मी सांगतेय ना."

"तू सांगितलंस म्हणूनच चार बुधवार वाया गेले. नाही."

मावशीनं कपाट उघडलं. तिथं एक नवा रेझर होता, एका पात्याचा, बारीक, तोंडासाठीचा. सुनेनं आणलेला. मावशीनं तो हातात धरला तो पहिल्यांदा पाळण्यातलं मूल उचलणाऱ्यासारखा. कोमट पाण्यानं हनुवटी ओली केली, बिनवासाचं जेल लावलं. "केस ज्या दिशेला झुकतो त्याच दिशेला. उलटं नाही. दाबायचं नाही. एका जागेवरून दोनदा नाही. पुटकुळी असेल ती वळसा घालून सोडायची." हे ती पोरीला सांगत होती की स्वतःला, कळायला मार्ग नव्हता. सून मागं टॉवेल धरून उभी होती.

पातं टेकायच्या आधी चष्मेवालीनं तिचं मनगट धरलं.

"तुम्ही कधी केलंय हे कुणाला?"

"कुणालाच नाही."

"मग द्या इकडं. रोज सकाळी मी काय इथं येणार आहे? शिकवा मला."

मावशी थांबली. दवाखाना सोडला तर बारा वर्षांत या पोरीच्या तोंडाला या घराबाहेरचा हात लागला नव्हता, पोरीचा स्वतःचासुद्धा. तिनं रेझर तिच्या हातात दिला. खुर्ची आरशापासून फिरवली आणि खिडकीकडं केली, कारण खरा उजेड तिथं होता. मग आतला छोटा आरसा आणला आणि पोरीसमोर धरून उभी राहिली.

"वर धरा," चष्मेवाली म्हणाली. "जबड्याची कड दिसत नाही."

मावशीनं वर धरला.

"हलवू नका."

"नाही हलवत," मावशी म्हणाली. तिनं दुसरा हातही आरशाला लावला.